फाटका स्पीकर ते फझ: प्रकल्पाच्या नोंदी

६ एप्रिल

इलेक्ट्रिक गिटारचा घरघरता, फाटका आवाज मोडक्या अॅम्पमधून आला, हे रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्याच्या पुढचा प्रश्न पडलाय. बिघाड रेडिओत होतात, माइकमध्ये होतात, आणि आपण ते दुरुस्त करून मोकळे होतो. मग हाच एक बिघाड लोकांनी मुद्दाम का जपला, आणि एका अख्ख्या संगीतप्रकाराचा तो पाया कसा झाला? नुसतं वाचून याचं समाधान होईना, म्हणून ते बिघाड टेबलावर पुन्हा करून बघणार आहे. आधी कागद कोंबलेला स्पीकर, मग ब्लेडने चिरलेला स्पीकर, आणि शेवटी बिघाडाची नक्कल करणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट, म्हणजेच फझ.

सामान असं: साधी दोन पिकअपची गिटार, एलएम ३८६ चिपवर बांधलेला अर्ध्या वॉटचा अॅम्प, जुन्या रेडिओतला सहा इंची कागदी कोनचा स्पीकर (भंगारात १२० रुपये), आणि तुलनेसाठी १२ इंची गिटार स्पीकरवर चालणारा स्वच्छ आवाजाचा मोठा अॅम्प. सेकंडहँड ऑसिलोस्कोप आधीपासून होता. तो नसेल तर काम अडत नाही, पण सर्किटच्या टप्प्यात त्याचा फार उपयोग होईल.

११ एप्रिल: कागद

मार्च १९५१ मध्ये आइक टर्नरचा बँड मिसिसिपीतून मेम्फिसला, सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड करायला निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या अॅम्पची वाट लागली. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. स्टुडिओत पोचल्यावर फिलिप्सने स्पीकरच्या कोनमध्ये कागद कोंबला आणि आहे त्याच आवाजात गाणं रेकॉर्ड केलं.

मी वर्तमानपत्राचा बोळा करून जाळी आणि कोन यांच्यामध्ये बसवला. घट्ट बसवला तर आवाज फक्त दबतो, बाकी काही होत नाही. कागदाची एखादी घडी कोनला जेमतेम टेकेल इतकी सैल ठेवली की फरफर सुरू होते. ही फरफर जाड तारांवरच येते, कारण खालच्या सुरांना कोन जास्त पुढेमागे होतो आणि कागदावर आपटतो. वरच्या तीन तारा जवळजवळ स्वच्छच राहिल्या.

किझार्टने त्या गाण्यात काय वाजवलंय ते यानंतर मी नीट कान देऊन ऐकलं. तो सोलो वाजवत नाही. खालच्या पट्टीतली बूगीची फिरती ओळ तो गाणंभर धरून ठेवतो, म्हणजे बास आणि सॅक्सोफोन यांच्या मधली जागा भरतो. त्या जागी फाटलेला आवाज सॅक्सोफोनच्या खर्जासारखा भरीव लागतो. हा धागा पुढे पुन्हा हाती येणार आहे.

अडचण एकच, पण मोठी. बोळा काढून परत बसवला की आवाज बदलतो. सकाळचा आवाज संध्याकाळी मिळाला नाही.

१४ एप्रिल: ब्लेड

लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. लंडनमध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने एल्पिको नावाच्या छोट्या अॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला, आणि तो आवाज १९६४ च्या ‘यू रिअली गॉट मी’मध्ये आला.

मी मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या तीन चिरा दिल्या. जोरात पिक मारली की चिरेच्या कडा एकमेकींवर घासून कर्र असा आवाज येतो. हळू वाजवलं तर काहीच नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, जोरात छेडलेला सूरसुद्धा सुरुवातीलाच कर्कश असतो. तार शांत होत गेली की कोनची हालचाल कमी होते, चिरा मिटतात आणि सुराची शेपटी स्वच्छ ऐकू येते. फाटक्या स्पीकरने सूर लांबत नाही, त्याला फक्त खरखरीत तोंड मिळतं.

रेकॉर्डवर मात्र तसं ऐकू येत नाही. तिथला प्रत्येक ठोका शेवटपर्यंत भरलेला आहे. डेव्हिसने तो छोटा अॅम्प मोठ्या व्हॉक्स एसी ३० ला जोडला होता, म्हणून मीही तसं केलं. एलएम ३८६ पूर्ण मोठा केला आणि त्याचं आउटपुट १० के आणि १०० ओहमच्या रेझिस्टरमधून शंभराव्या हिश्श्यावर आणून मोठ्या अॅम्पच्या इनपुटला दिलं. सहा इंची स्पीकर जोडलेलाच ठेवला. आवाज लगेच बदलला, सूर लांबले, आणि चिरलेल्या स्पीकरच्या जागी चांगला स्पीकर लावला तरी फारसा फरक पडला नाही. ब्लेडची गोष्ट सांगायला चांगली आहे, पण माझ्या टेबलावर तरी बरंचसं काम एकापुढे एक जोडलेल्या दोन अॅम्पांनी केलं.

हे करणाऱ्यांसाठी दोन सूचना. स्पीकरचं आउटपुट थेट दुसऱ्या अॅम्पच्या इनपुटला कधीच देऊ नका, मध्ये रेझिस्टर हवेतच. आणि छोटा अॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर त्याचा स्पीकर काढून चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

१९ एप्रिल

चिरलेला स्पीकर संपला. चिरा वाढत जाऊन कोन वाकडा झाला, व्हॉइस कॉइल घासायला लागली आणि आता नुसता खडखडाट येतो. बिघाडावर आवाज उभा करायचा तर हे होणारच. रोज रात्री कार्यक्रम करणाऱ्या माणसाला रोज तोच आवाज लागतो.

२३ एप्रिल: नॅशव्हिलचं चॅनेल

‘फाटलेलं काहीतरी’ आणि ‘विकत मिळणारी वस्तू’ यांच्यामधला दुवा मला नॅशव्हिलमध्ये सापडतो. मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे १९६१ चं संथ कंट्री गाणं. त्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बासवर सोलो वाजवतो, आणि मिक्सरच्या ज्या चॅनेलमधून तो सोलो जात होता ते बिघडलेलं होतं. गोड गाण्याच्या मधोमध एकदम भोंग्यासारखा घरघरणारा सूर येतो. तो काढून न टाकता तसाच ठेवला गेला आणि गाणं गाजलं.

मग इतरांना तोच आवाज हवा झाला. पण बिघडलेलं चॅनेल बिघडतच गेलं आणि शेवटी पुरतं बंद पडलं. तेव्हा रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी याने रेव्हिस हॉब्जला बरोबर घेऊन तसाच आवाज काढणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बांधलं. गिब्सनने ते घेतलं आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो एफझेड १ फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल, आणि वर पायाने दाबायचं बटण.

बटणाचं महत्त्व मला फाटक्या स्पीकरनंतर जास्त कळलं. चिरलेला स्पीकर पुन्हा शिवता येत नाही. इथे एकाच गाण्यात कडवं स्वच्छ आणि ध्रुवपद फाटलेलं ठेवता येतं.

आणि तरी ते विकलं गेलं नाही. पहिल्या वर्षी दुकानदारांनी हजारोंनी माल उचलला, तो त्यांच्याकडेच पडून राहिला. कारण मला जाहिरातीत दिसतं. गिब्सनने फझ-टोन विकला तो गिटारमधून ट्रम्पेट, ट्युबा, चेलो यांचे आवाज काढणारं यंत्र म्हणून. नक्कल म्हणून ते कच्चंच होतं. मे १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’ रेकॉर्ड करताना रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनेही ते त्याच कामासाठी वापरलं. ती सुरुवातीची ओळ पुढे ब्रास वाजवेल, आपण फक्त कच्चा आराखडा करतोय, असं त्याच्या मनात होतं. बँडमधल्या इतरांनी आराखडाच बाहेर काढला. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत दुकानांतले सगळे फझ-टोन संपले.

ओटिस रेडिंगने १९६५ मध्येच ते गाणं गायलं तेव्हा ती ओळ खरोखरच ब्रासवर घेतली. दोन्ही लागोपाठ ऐका. गिटारला फुंकवाद्याचं काम करता येतं ते कशामुळे, हेच मला सर्किटमध्ये शोधायचंय.

३० एप्रिल: ट्रान्झिस्टरची खरेदी

एफझेड १ ऐवजी १९६६ च्या ‘फझ फेस’ पद्धतीचं सर्किट निवडलं. दोनच ट्रान्झिस्टर, एक नऊ व्होल्टची बॅटरी आणि मोजके सुटे भाग. लागतात ते जर्मेनियम एसी १२८, आणि खरी कटकट तिथेच आहे.

ऑनलाइन मागवलेले दहा नग, पोस्टासकट ९५० रुपये, सगळे बनावट निघाले. ओळखायची खूण सोपी आहे. मल्टिमीटर डायोडवर लावून बेस आणि एमिटर तपासा. जर्मेनियम असेल तर आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास येतो. यात ०.६ च्या वर आला, म्हणजे सिलिकॉनवर नवा छापा मारलेला. पैसे परत मिळाले नाहीत.

खरे मिळाले ते जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे. ट्रान्झिस्टर रेडिओच्या आउटपुटला बीईएलचे एसी १२८ असत, ते त्यांनी डब्यात जपून ठेवले होते. “फटाफट गरम होतात, सोल्डर करताना पाय चिमट्यात धर,” एवढं बजावून आठ नग ४०० रुपयांना दिले.

२ मे: निवड

जर्मेनियम ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट गळू देतो. साधा मीटर ही गळती गेनमध्येच, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्या आकड्यातच, धरतो आणि खोटा आकडा दाखवतो. म्हणून नऊ व्होल्ट, कलेक्टरला २.४ के आणि बेसला २.२ मेगओहम अशी जोडणी केली. आधी बेसचा रेझिस्टर न लावता २.४ के वरचा व्होल्टेज बघायचा, ती गळती. मग रेझिस्टर लावून परत बघायचा. दोन्हींतला फरक एक व्होल्ट आला तर गेन साधारण शंभर.

एका नगात बेस मोकळा असतानाच १.१ व्होल्ट दिसले आणि रेझिस्टर लावल्यावर १.८. साधा मीटर त्याला १८० सांगेल, खरा गेन ७० च आहे. शिवाय गळती इतकी की तो बाद. मोजताना बोटं लावू नका. नुसत्या बोटाच्या उबेने आकडा चढत जातो, तो खाली यायला काही मिनिटं थांबावं लागतं.

आठांपैकी चार वापरण्याजोगे निघाले. पहिल्या जागेला कमी गळतीचा, गेन ७५ चा घेतला, दुसऱ्या जागेला ११५ चा.

५ मे: सर्किट

एसी १२८ पीएनपी असल्याने बॅटरीचा धन टोक ग्राउंडला येतो. गिटारकडून २.२ मायक्रोफॅरडमधून पहिल्याच्या बेसला. पहिल्याचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर ३३ के मधून ऋण टोकाला आणि थेट दुसऱ्याच्या बेसला. दुसऱ्याच्या एमिटरवरून ग्राउंडला एक के चा फझ पॉट, त्याच्या मधल्या पायावरून २२ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि त्याच एमिटरवरून १०० के मागे पहिल्याच्या बेसला. दुसऱ्याच्या कलेक्टरवरून ८.२ के आणि पुढे ४७० ओहम ऋण टोकाला. या दोघांच्या सांध्यावरून ०.०१ मायक्रोफॅरडमधून ५०० के च्या व्हॉल्यूम पॉटवर आवाज बाहेर.

पहिल्यांदा चालू केल्यावर तुटक, थुंकल्यासारखा आवाज आला आणि सूर अर्ध्यातच मरत होता. दुसऱ्याच्या कलेक्टरवर ७.६ व्होल्ट होते. तिथे बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास हवेत. छापील किमती मूळ ट्रान्झिस्टरना धरून असतात, आपल्या हातातल्या नगाला त्या लागू पडतीलच असं नाही. ८.२ के काढून ५० के चा प्रीसेट लावला आणि वाजवता वाजवता फिरवला. ४.६ व्होल्टवर आवाज भरला.

८ मे: सूर का लांबतो

स्कोपवर एकच तार छेडून बघितली. इनपुटला पहिल्या क्षणी लाट उंच असते आणि दोन-तीन सेकंदांत ती दहाव्या हिश्श्यावर येते. आउटपुटला मात्र लाटेचे माथे कापलेले, आणि उंची जवळजवळ तेवढीच राहते. दहावा हिस्सा उरला तरी तो वाढून पुन्हा त्याच मर्यादेला जाऊन टेकतो आणि कापला जातो. कानाला सूर थांबूनच राहिलाय असं वाटतं, आणि शेवटी एकदम तुटतो.

छेडलेल्या तारेचा सूर जन्मतःच ओसरू लागतो. सॅक्सोफोन किंवा चेलो वाजवणारा श्वासाने वा गजाने तो धरून ठेवतो. फझमुळे गिटारला ते धरून ठेवणं मिळालं, आणि माथे कापल्यामुळे फुंकवाद्यात असतात तशा मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या हार्मोनिकही मिळाल्या. ‘सॅटिस्फॅक्शन’ची ओळ स्वच्छ गिटारवर वाजवून बघा. लांब सुरांच्या जागी नुसती भोकं पडतात.

११ मे: दोन सूर

हा दिवस सगळ्यांत मोलाचा गेला.

फझ लावून उघडा ई मेजर कॉर्ड वाजवला तर चिखल होतो. सहाही तारा आहेत, पण कोणता कॉर्ड आहे ते सांगता येत नाही. मग सहाव्या तारेवर पाचव्या पडद्यावरचा ए घेतला, ११० हर्ट्झ, आणि त्याच्यासोबत पाचव्या तारेवर सातव्या पडद्यावरचा ई, १६४.८ हर्ट्झ. आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम. आवाज मोठा तर झालाच, पण खाली एक सूर उगवला जो मी वाजवलाच नव्हता. फझमध्ये दोन सूर एकत्र कापले गेले की त्यांच्या वजाबाकीचा सूर तयार होतो. १६४.८ वजा ११० म्हणजे ५४.८, आणि ५५ हर्ट्झ हा नेमका त्या ए च्या खालच्या सप्तकातला ए. दोन बोटांनी वाजवलेल्या कॉर्डखाली गिटार स्वतःच बास धरते.

आता पंचमाऐवजी गांधार. ए तोच, पाचव्या तारेवर चौथ्या पडद्यावरचा सी शार्प, १३८.६ हर्ट्झ. लगेच गुरगुर सुरू होते. ए ची पाचवी हार्मोनिक ५५० वर आहे आणि सी शार्पची चौथी ५५४.४ वर. गिटारच्या पडद्यांवरचा गांधार शुद्धापेक्षा थोडा चढा असतो, म्हणून या दोघी सेकंदाला चारहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. स्वच्छ आवाजात त्या इतक्या बारीक असतात की खटकत नाहीत, फझ त्यांना पुढे आणतो. पंचमाच्या बाबतीत ३३० आणि ३२९.६ यांची टक्कर अडीच-तीन सेकंदांत एकदा होते, म्हणजे जाणवतही नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. हे आवाज फाटणं, म्हणजे डिस्टॉर्शन, हा वाजवून झालेल्या कॉर्डवर चढवायचा रंग असता तर दोन-चार वर्षांत त्याची फॅशन ओसरली असती. त्याने काय वाजवावं हेच बदललं. गांधार गाळून षड्ज-पंचमाची जोडी उरली, ती एकाच आकारात बोटं सरकवत कुठेही नेता येते, आणि तीन जणांचा बँडही त्यावर भरीव वाजतो. ‘यू रिअली गॉट मी’ हे अशाच सरकत्या जोड्यांचं गाणं आहे. पुढच्या रॉकची रिफ या जोडीतून निघाली.

१५ मे

फझच्या आधी बफर असलेला ट्यूनर पेडल लावला आणि आवाज कर्कश झाला. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी स्वच्छ होईना. या सर्किटचा इनपुट इंपिडन्स फार कमी आहे. ते गिटारच्या पिकअपला थेट जोडलेलं हवं, तरच गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवून जवळजवळ स्वच्छ आवाज मिळतो. ट्यूनर फझच्या नंतर लावला, प्रश्न मिटला.

२१ मे: ऊन

दुपारी साडेतीनला पत्र्याच्या खोलीत परत तो थुंकता आवाज. कलेक्टरवर ६.९ व्होल्ट. उन्हाने पहिल्या ट्रान्झिस्टरची गळती वाढते, तो जास्त उघडतो, दुसरा मिटत जातो आणि त्याचा व्होल्टेज बॅटरीकडे सरकतो. पंख्याखाली ठेवून अर्ध्या तासात ५ वर आलं. म्हणून प्रीसेट आत न ठेवता डब्याच्या बाजूला भोक पाडून स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल असा बसवला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जर्मेनियम वापरायचं तर हे हवंच. नको असेल तर बीसी १०८ सिलिकॉन वापरा, पण तो एनपीएन आहे, म्हणून बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे जोडा. साठच्या दशकाच्या शेवटी बनवणारेही तिकडेच वळले. तापमानाने ढळत नाही, आवाज मात्र जास्त तिखट होतो.

२६ मे: शेवटचा टप्पा

रेकॉर्डिंगसाठी फझ थेट संगणकाच्या इंटरफेसला लावला, तर डास कानाशी घोंघावावा तसा आवाज. १२ इंची गिटार स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, त्यामुळे कापलेल्या लाटेची टोचरी टोकं तिथेच गळतात. स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलं की तोच फझ जाड आणि गोल येतो. माइक कोनच्या मध्यापासून चार बोटं बाजूला.

एकूण खर्च गिटार आणि अॅम्प सोडून २,३०० रुपयांच्या आसपास, त्यातले ९५० बनावट नगांत गेले. आत्ताची माझी सेटिंग: प्रीसेट ४.६ व्होल्टला, फझ पूर्ण, पेडलचा व्हॉल्यूम निम्म्याच्या जरा वर, गिटारचा व्हॉल्यूम दहापैकी आठ, आणि पूर्ण कॉर्ड वाजवायचा असेल तेव्हा पाच.